शंभर कोटींची अट
"रिटर्न भरायच्या आधीच आयकर खात्याकडून लेखी निर्णय घेता येईल ना?"

निवासी व्यक्तीला स्वतःच्या करासाठी असा आगाऊ निर्णय, म्हणजे अ‍ॅडव्हान्स रुलिंग, मागायचा अर्ज करायचा तर व्यवहार १०० कोटींचा किंवा त्याहून मोठा लागतो. त्यामुळे ठाण्यातल्या फ्रीलान्सरला हा मार्ग बंदच, आणि मला तो अन्याय वाटतो. समोरचा अनिवासी असेल तर गोष्ट वेगळी. समजा, वाशीची कंपनी सिंगापूरच्या फर्मला नव्या प्रकारच्या सेवेचे पैसे देणार आहे. त्या फर्मवर इथे कर लागतो का, हे कंपनी विचारू शकते. टीडीएस कापायचा की नाही हे त्यावरच ठरतं, म्हणून पैसे पाठवण्याआधीच विचारलेलं बरं. तोच प्रश्न खात्यापुढे आधीच प्रलंबित असेल तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. शिवाय सप्टेंबर २०२१ पासून हे काम पाहणाऱ्या मंडळाचा निर्णय बंधनकारक नाही. खातंही त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाऊ शकतं.