दर वेळी उशिरा पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला तिसऱ्यांदा काय लिहायचं?

टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड, सोलापूर: हैदराबादचं जुनं गिऱ्हाईक आहे. पैसे बुडवत नाही, पण दर बिलाला महिना-दीड महिना उशीर ठरलेलाच. मी तीन-चारदा ‘कृपया पेमेंट करावे’ पाठवतो, तो अंगठ्याचा इमोजी पाठवतो आणि गप्प. शब्द कडक करायचे तर कसे, कधी? गिऱ्हाईक तुटायला नको.

हिशेबनीस: चारही वेळा तेच वाक्य गेलं की गिऱ्हाइकाला कळतं, पाचवंही तसंच येणार. कडक शब्दांनी काही होत नाही, मागणी नेमकी होत गेली पाहिजे. समजा माल ५ जूनला पोचला, मुदत ४५ दिवसांची, म्हणजे २० जुलै. मुदतीआधीच, १५ जुलैला पहिला मेसेज: “बिल क्र. ११२, रक्कम १,८४,००० रुपये, मुदत २० जुलै. बिलाची प्रत सोबत आहे. हिशेबात काही फरक असेल तर आजच सांगा.” यात विनवणी नाही, रागही नाही.

२२ जुलैला पैसे मागायचे नाहीत, तारीख मागायची: “मुदत उलटली. रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल, ते लिहून कळवा.” तो म्हणेल ३०. मग ३१ जुलैला: “आपण ३० तारीख दिली होती, रक्कम आलेली नाही. ५ ऑगस्टपर्यंत जमा झाली नाही तर पुढची ऑर्डर गाडीत चढणार नाही.” इथे त्याला त्याचाच शब्द दाखवायचा. आणि ६ तारखेला गाडी खरंच थांबवायची. तेवढी तयारी नसेल तर ते वाक्य लिहूच नका.

चाटी गल्लीतला व्यापारी: अहो, कागद पाठवून धंदा होतो होय? आमच्या वडिलांनी आयुष्यभर उधारी वसूल केली ती समोर बसून, चहा पिऊन. उशीर ही त्याची सवय आहे ना, मग तेवढं व्याज भावातच धरा की ओ. टॉवेल काय तुमच्याकडेच मिळतात का? गाडी थांबवलीत तर तो दुसऱ्या दिवशी शेजारच्या कारखान्यातून माल उचलेल.

हिशेबनीस: मालक, यात तुमचं खरं आहे. गिऱ्हाइकाला कारखानदारांचीच डिझाइन, त्यांचाच माल लागत असेल तरच गाडी थांबवण्याला वजन. नसेल तर तिसऱ्या मेसेजात ‘पुढचा माल निम्मी रक्कम आगाऊ मिळाल्यावर’ असं लिहा. पण भावात व्याज धरलं की वेळेवर देणाऱ्या गिऱ्हाइकालाही ते भरावं लागतं.

कर सल्लागाराकडे काम करणारा: एवढं कशाला? दुसऱ्याच मेसेजात आयकराचा वजावटीचा नियम टाका. ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याला खर्चाची वजावट मिळत नाही. लगेच देतो बघा.

हिशेबनीस: जुलैत नाही देणार. ३१ मार्चच्या आत पैसे दिले तर त्याच वर्षी वजावट मिळते, हे त्याचा सीए त्याला सांगेल. ते वाक्य फेब्रुवारी-मार्चसाठी ठेवा. शिवाय तुमचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु असावा आणि उद्यम नोंदणी माल देण्याआधीची असावी. नुसत्या व्यापाऱ्याला हे लागू नाही.

युनिफॉर्म शिवणाऱ्या ताई: माझं वेगळंच झालं. तिसरा मेसेज गेला आणि शाळेला आठवलं, म्हणे शिलाई उसवली! तोवर दोन महिने चकार शब्द नाही. आता पैसे अडकलेत.

हिशेबनीस: ताई, माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार आली नाही तर लघुउद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा माल स्वीकारला असंच धरतो. म्हणून माल पोचल्यावर आठवड्याभरात विचारायचं, “माल मिळाला ना? तक्रार असल्यास लिहून कळवा.” तो मेसेज आणि पोचपावतीवरची सही जपून ठेवायची.

चौथा मेसेज कायद्याचा. मुदत संपल्यापासून रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज आणि थकलेल्या पैशांच्या तक्रारीसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज. पण निकालाला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक बहुधा जातंच. त्याला सोडायचं ठरवलं असेल तरच हे लिहा.

टॉवेल कारखानदार: ३१ जुलैचा मजकूर घेतो. पण माझ्या बिलावर मुदत ६० दिवस छापलीय!

हिशेबनीस: करार काहीही असो, कायद्यात ४५च्या वर चालत नाही. पुढच्या बिलापासून ४५ छापा. या बिलाला मात्र ६० धरूनच तारखा मोजा, आपणच दिलेला शब्द आहे.

चाटी गल्लीतला व्यापारी: आणि ४५ छापलेलं बघून त्यानं भाव पाडून मागितला, तर?