शब्दचर्चा: अभिक्रिया ‘कपल’ करणे म्हणजे युग्मन, सांगड की आणखी काही?

बोरकूट: बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षासाठी जीवरसायनशास्त्राचा प्रश्नसंच मराठीत करतेय. एक प्रश्न असा आहे: ग्लुकोज आणि फॉस्फेट यांपासून ग्लुकोज-६-फॉस्फेट बनणं प्रतिकूल आहे, ΔG°′ = +१३.८ किलोज्यूल प्रति मोल. ही अभिक्रिया एटीपीच्या जलापघटनाशी (−३०.५) ‘कपल’ करा, एकूण ΔG°′ आणि समतोल स्थिरांक K काढा. ‘कपल करा’ला काय लिहू? ‘युग्मन करा’ लिहिलं तर मुलं विचारतात, मॅडम, म्हणजे नेमकं करायचं काय?

रुळावरून: आम्ही आयुष्यभर कपलिंगला कपलिंगच म्हटलं. उगाच मराठी कशाला करता? शेजारच्या रुळावर इंजिनाने कितीही जोर लावला तरी कपलिंग नसेल तर डबा जागचा हलत नाही.

बोरकूट: काका, हे रसायनशास्त्रातलं आहे हो! पण तुमचं वाक्य कामाचं आहे, ठेवून घेते.

मेथीदाणा: सोपं आहे. दोन समीकरणं एकाखाली एक लिहायची, दोन्हीकडचं पाणी आणि फॉस्फेट कापायचं आणि बेरीज करायची. +१३.८ आणि −३०.५ मिळून −१६.७. K पण दोघांचा काढून बेरीज. एटीपीचा ऊर्जासमृद्ध बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते आणि ती ग्लुकोजला मिळते. म्हणून ‘ऊर्जा पुरवून घडवा’ लिहा.

सांगलीकर: −१६.७ बरोबर, बाकीच्याला थांबा. ΔG°′ ची बेरीज होते, K चा गुणाकार होतो, कारण K हा घातांकात बसलेला असतो: K = e^(−ΔG°′/RT). २५ अंशाला RT म्हणजे २.४८ किलोज्यूल. पहिलीचा K सुमारे ०.००३८, एटीपीच्या जलापघटनाचा सुमारे २.२ लाख. बेरीज केलीत तर ०.००३८ कुठल्या कुठे गडप होतो आणि उत्तर जवळपास २.२ लाखच येतं. म्हणजे ग्लुकोजला फॉस्फेट लावायची काही किंमतच नाही असं ठरतं! गुणाकाराने येतात सुमारे ८४०, आणि −१६.७ वरून थेट काढलं तरी तेवढेच. मुलाची चूक झालीय का हे असं ताडून बघता येतं: दोन्ही वाटांनी एकच आकडा यायला हवा.

आता ‘ऊर्जा बाहेर पडते आणि मिळते’ याबद्दल. परीक्षानळीत एटीपीचं पाण्याने विघटन झालं आणि शेजारी ग्लुकोज पडून असलं, तर हाती येते ती फक्त उष्णता. ग्लुकोज होतं तिथेच राहतं. काकांचा शेजारचा रूळ तो हाच.

मेथीदाणा: मग बेरीज तरी कशी चालते? समीकरणात तर जलापघटनच लिहिलंय.

सांगलीकर: बेरीज चालते कारण मुक्त ऊर्जेला वाटेशी देणंघेणं नसतं, फक्त सुरुवात आणि शेवट. पण घडतं वेगळंच. हेक्झोकायनेज एटीपीच्या टोकाचा फॉस्फेटचा गट सरळ ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिलवर ठेवतं. पाणी मध्ये येतच नाही. ग्लुकोज बसलं की हे विकर त्याच्याभोवती मिटतं आणि पाण्याला जागा राहत नाही. त्याऐवजी झायलोज दिलं, ज्याला तो सहावा कार्बनच नाही, तर त्या मोकळ्या जागेत पाणी शिरतं आणि विकर एटीपी नुसतंच फोडत बसतं. ΔG°′ −३०.५ चं खर्ची पडतं आणि हाती काहीच लागत नाही. याला मी ‘न जुळलेली’ अभिक्रिया म्हणेन.

आणि ‘ऊर्जासमृद्ध बंध’ हा शब्द प्रश्नसंचातून काढून टाका. लिपमनने १९४१ मध्ये तो नागमोडी ~P लिहिला तेव्हा सोय म्हणून ठीक होता. बंध तोडायला ऊर्जा लागतेच. −३०.५ हा हिशोब उत्पादितं आणि अभिकारकं यांच्यातल्या फरकाचा आहे, एका बंधाचा नाही.

बोरकूट: मुलांचा नेहमीचा प्रश्न: ΔG°′ धन असेल तर ती अभिक्रिया होतच नाही का? ‘प्रतिकूल’ वाचून ‘अशक्य’ समजतात.

सांगलीकर: होते, पण अगदी थोडी. तांबड्या रक्तपेशीतलेच आकडे घ्या. ग्लुकोज ५ मिलिमोलर, मोकळं फॉस्फेट साधारण १ मिलिमोलर. एटीपी नसतं तर समतोलाला ग्लुकोज-६-फॉस्फेट किती? ०.००३८ × ०.००५ × ०.००१, म्हणजे सुमारे ०.०२ मायक्रोमोलर. पेशीत प्रत्यक्षात असतं सुमारे ८३ मायक्रोमोलर, चार हजारपटीहून जास्त. ‘प्रतिकूल’ या शब्दाचा अर्थ या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे.

आणखी एक उपप्रश्न घाला: पेशीतला खरा ΔG काढा. एटीपी १.८५, एडीपी ०.१४ मिलिमोलर धरा.

```
Q  = (0.083 × 0.14) / (5 × 1.85) ≈ 0.00126
ΔG = −16.7 + 2.58 × ln(0.00126) ≈ −34
```

२.५८ हे ३७ अंशाचं RT. म्हणजे प्रमाण परिस्थितीपेक्षा पेशीत ओढ दुपटीने जास्त. मुलं इथे हटकून चुकतात: −१६.७ काढतात आणि ‘पेशीत एवढी ऊर्जा मुक्त होते’ असं लिहून मोकळी होतात. उत्तरपत्रिकेत °′ हे चिन्ह गळलेलं दिसलं की समजायचं, गडबड पुढे येणार आहे.

मेथीदाणा: −३०.५ बद्दलही सगळ्यांचं एकमत नाही. माझ्या जुन्या वहीत −३२ आहे.

सांगलीकर: मॅग्नेशियम किती, क्षारांचं प्रमाण किती यावर तो बदलतो. प्रश्नात दिलाय तोच धरायचा. आणि हो, मी १६.७ हा २५ अंशाचा आकडा ३७ अंशाच्या RT सोबत वापरलाय, ते काटेकोर नाही. प्रश्नसंचापुरतं खपून जातं.

तांबडापांढरा: शब्दाकडे परत येऊ या? मला ‘सांगड घालणे’ आवडतं. सांगड म्हणजे मुळात तरंगण्यासाठी एकत्र बांधलेलं काहीतरी, दोन होड्या म्हणा किंवा ओंडके. बांधणी त्यात आलीच. ‘युग्मन’ ऐकून मला नुसती जोडी डोळ्यांपुढे येते.

सांगलीकर: क्रियापद म्हणून सांगड चालेल. पण ‘युग्मित अभिक्रिया’ला पर्याय काय? ‘सांगड घातलेली अभिक्रिया’ प्रत्येक ओळीत लिहवणार नाही.

बोरकूट: म्हणजे सूचनेत ‘सांगड घाला’ आणि नाम म्हणून ‘युग्मित अभिक्रिया’. प्रश्नात एक ओळही घालते: दोन्ही अभिक्रियांना सामाईक असलेला गट कोणता ते सांगा. तो शोधल्याशिवाय बेरीज करू नये.

तांबडापांढरा: पण मग ‘एटीपीच्या जलापघटनाशी’ हे शब्द तरी बरोबर आहेत का? पाणी येतच नाही म्हणालात ना?

सांगलीकर: हेक्झोकायनेजपुरतं म्हणाल तर नाहीत, हिशोबापुरते आहेत. ग्लुटामेटपासून ग्लुटामिन होतं (+१४.२) तिथे अजून गंमत आहे. शेवटी एडीपी आणि मोकळं फॉस्फेट मिळतं, त्यामुळे जलापघटनच वाटतं. पण आधी फॉस्फेट ग्लुटामेटवर बसतं, मग अमोनिया त्याला हुसकावतो. तिथेही पाणी नाहीच. स्नायूतल्या मायोसिनमध्ये मात्र एटीपीवर खरंच पाणी पडतं.

मेथीदाणा: मग दोन वेगळे शब्द हवेत, हस्तांतरण आणि जलापघटन.

बोरकूट: विद्यापीठाच्या मूळ प्रश्नात जलापघटनच आहे. मी तळटीप देईन, शब्द बदलायचा अधिकार माझा नाही.