मदत हवी आहे: मॅक्लेलँडच्या थिअरीत अचिव्हमेंट की पॉवर?
एमबीएची क्विझ आहे परवा, आणि मोटिव्हेशनच्या प्रश्नात, म्हणजे माणसाला अचिव्हमेंट, पॉवर की अफिलिएशन यातली कुठली गरज चालवते ते ओळखताना, मी दरवेळी इथेच माती खातो. अफिलिएशन कळतं, म्हणजे टीममधे भांडण नको म्हणून चुकणाऱ्याला बोलायचंच टाळणारा सुपरवायझर. पण हा बघा: सेल्समन स्वतःच टार्गेट ठरवतो, फार सोपं नाही फार अवघडही नाही, रोज आकडे तपासतो, प्रमोशन मिळालं तर ज्युनियरला न शिकवता त्याचं काम स्वतःच करून टाकतो. मी पॉवर लिहिलं कारण कंट्रोल सोडत नाही ना, उत्तर निघालं अचिव्हमेंट! मग पॉवरवाला ओळखायचा कसा, तो दुसऱ्यांकडून काम करून घेण्यात, त्यांच्यावर छाप पाडण्यात रमतो एवढंच बघायचं का?