बाबांच्या अँजिओग्राफीत ७०% ब्लॉकेज, पण बसल्या जागी त्रास नाही. हे गणित कसं जुळतं?

गंगापूररोडकर: बाबा (वय ६३) सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढतात. हल्ली अर्ध्यावर छाती आवळल्यासारखी होते, थांबले की जातं. रिपोर्टमध्ये एलएडीत, म्हणजे हृदयाच्या पुढच्या मोठ्या धमनीत, ७०% लिहिलंय. शाळा-कॉलेजातला पॉइझलचा नियम धरला तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर जातो. रुंदी ३०% उरली, म्हणजे प्रवाह एक टक्क्याच्याही खाली! मग पेपर वाचताना त्यांना काहीच कसं होत नाही?

सायकलवीर: चौथा घात बरोबर आहे. रुंदी निम्मी झाली की प्रवाह सोळावा हिस्सा. रिपोर्टच चुकीचा असेल.

मीनाताई_सिडको: आमच्या सासऱ्यांना रक्त पातळ व्हायची गोळी दिली होती. रक्त पातळ झालं की अरुंद जागेतूनही सरसर जातं ना?

हृदयविभाग_निवृत्त: ताई, ॲस्पिरिनने रक्ताचा दाटपणा बदलत नाही, गुठळी धरण्याची शक्यता कमी होते.

गंगापूररोडकर, तुमचं गणित एकट्या नळीचं आहे. खरा अडथळा पुढच्या बारीक धमन्यांमध्ये असतो. सोयीसाठी आराम करताना एकूण अडथळा १०० धरा. त्यात मोठ्या धमनीतल्या त्या सेंटीमीटरभर जागेचा वाटा निरोगीपणी ०.१ होता असं माना. रुंदी ७०% गेली की तो १२ होतो. बारीक धमन्या जरा सैलावतात आणि भरपाई होते, म्हणून पेपर वाचताना काही कळत नाही.

पायऱ्या चढताना हृदयाला कितीतरी जास्त रक्त लागतं, म्हणून त्या धमन्या पूर्ण सैलावून जवळपास १०० वरून २५ वर येतात. आता तेच १२ जड जातात. एरवी मिळालं असतं त्याच्या दोन तृतीयांशच रक्त मिळतं.

रुंदी आणखी थोडी जाऊन ८०% झाली, की १२ चे ६२ होतात. नुसतं बसायलाही बारीक धमन्यांना ३८ पर्यंत सैलावावं लागतं. पूर्ण सैलावल्या तरी २५ अधिक ६२ म्हणजे ८७, चढायला जवळपास काहीच उरत नाही. प्रत्यक्षात अरुंद जागेपुढे रक्त घुसळतं, तो तोटा वेगळाच.

सायकलवीर: म्हणजे लांबीही मोजायला हवी. मी पूर्ण धमनी अरुंद धरली होती.

गंगापूररोडकर: दुसऱ्या डॉक्टरांनी तीच सीडी पाहून ६०% सांगितलं. कोणाचं धरायचं?

हृदयविभाग_निवृत्त: डोळ्यांनी अंदाज घेतला की एवढा फरक पडतोच. शिवाय कोणी रुंदी सांगतं, कोणी क्षेत्रफळ. ७०% रुंदी गेली तर क्षेत्रफळ ९१% गेलेलं असतं. एफएफआरबद्दल विचारा. औषधाने धमन्या सैलावून, बारीक तारेने अडथळ्यापुढचा आणि आधीचा दाब मोजतात. गुणोत्तर ०.८० किंवा कमी आलं तर ती जागा खरंच रक्त अडवते आहे. तोवर बाबांना पायऱ्या बंद. आणि बसल्या जागी दुखलं तर थेट हॉस्पिटल.

गंगापूररोडकर: विचारतो. पण ०.८१ आलं तर?

हृदयविभाग_निवृत्त: तिथे डॉक्टरांतही दोन मतं असतात. त्रास किती होतो ते पाहून ठरतं.