देवनागरी मजकूर आणि दाट क्यूआर

"व्हॉट्सॲप ऑर्डरची लिंक मोबाईलवर चालते, पण छापलेला क्यूआर स्कॅनच होत नाही."

नंबर बरोबर आहे, दोष मजकुराच्या लांबीचा आहे. आमच्या फरसाणाच्या दुकानात मी 'मला ऑर्डर द्यायची आहे' असं लिहून ठेवलं होतं. लिंकमध्ये देवनागरीची प्रत्येक खूण (काना, मात्रा, हलंतसुद्धा) %E0%A4... अशी 9 अक्षरं खाते. त्या एवढ्याशा वाक्याची 171 अक्षरं झाली आणि क्यूआर 57 × 57 चौकटींचा बनला. बरणीवरच्या दोन सेंटिमीटरच्या स्टिकरवर, त्यात तेलकट बोटं लागलेली, तो कुठला वाचला जातोय!

मग प्रत्येक बरणीला छोटा कोड दिला:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=P4
```

यात चौकटी 29 × 29 वर आल्या आणि जुने फोनही पटकन वाचू लागले. P4 म्हणजे लसूण शेव, अर्धा किलो, ही यादी काउंटरवर चिकटवली आहे. नंबरात + किंवा सुरुवातीचा शून्य नको. मजकुरात & असेल तर %26 लिहा, नाहीतर पुढचं वाक्य गायब होतं. आणि हो, स्कॅन केल्यावर मजकूर नुसता भरून येतो. गिऱ्हाईकाने पाठवल्याशिवाय तुम्हाला काहीच दिसत नाही, म्हणून स्टिकरवर 'स्कॅन करून पाठवा' असं छापा.