एका बिलामागे खर्च, अडकलेली बिलं आणि हात न लागता पास झालेली बिलं: तुमच्याकडे कसं मोजता?

खतावणी (धागाकर्ता)

एपीचं काम कसं चाललंय असं वर विचारलं की हे तीन आकडे मागतात. सूत्रं शाळकरी आहेत. भांडण होतं ते छेदात काय धरायचं आणि 'हात लागला' कशाला म्हणायचं यावर. म्हणून हा धागा. सॉफ्टवेअरची जाहिरात नको. आकडा कुठून उचलता आणि तो कुठे फसवतो, तेवढं लिहा.

सगळे एकाच आकड्यांवर बोलावेत म्हणून एक नमुना मांडतो. चाकण पट्ट्यातला सुटे भाग बनवणारा कारखाना धरा, महिन्याला ४,००० बिलं. एपीत सहा जण, प्रत्येकी ३८,००० म्हणजे २,२८,०००. मॅनेजरचा अर्धा पगार ४७,५००. सॉफ्टवेअर ६०,०००, स्कॅनिंग-कुरिअर-फाइलींची जागा ३०,०००. एकूण ३,६५,५००, म्हणजे बिलामागे साधारण ९१ रुपये.

४,००० पैकी १,२०० बिलं आपोआप पास झाली, १,७०० एकदा बघून पोस्ट केली आणि १,१०० अडकली. अडकलेल्यांचं प्रमाण साडेसत्तावीस टक्के, हात न लागलेली ३० टक्के. मात्र सॉफ्टवेअरवाल्याच्या डॅशबोर्डवर हा शेवटचा आकडा ६२ टक्के दिसतो. कसा?

तीनपदरी

६२ चं कोडं सोपं आहे. डॅशबोर्ड फक्त पोर्टलवरून आलेली, पीओ नंबर असलेली बिलं मोजतो. ती १,९४० धरा. १,२०० भागिले १,९४० केलं की ६२ येतात. ईमेलने आलेलं पीडीएफ, वॉचमनकडे ठेवून गेलेलं ट्रान्सपोर्टचं बिल, पीओ नसलेलं महावितरणचं बिल, यातलं काहीच छेदात नाही. अंश बरोबर आहे, छेद सोयीचा आहे. म्हणून वाटा सांगताना 'आलेल्या सगळ्या बिलांपैकी' हे शब्द लिहून घ्यायचे.

९१ रुपयेही अपुरे आहेत. अडकलेलं बिल एपीवाला एकटा सोडवत नाही. परचेसवाला पीओ उघडतो, स्टोअर्सवाला गेट रजिस्टर शोधतो, क्वालिटीवाला सही करतो. बिलामागे या सगळ्यांची मिळून २५ मिनिटं धरली तर १,१०० बिलांचे ४५८ तास होतात. तासाला २५० रुपयांनी सुमारे १,१४,५००. ते मिळवले की खर्च बिलामागे १२० रुपये. वरचा फरक एपीच्या बजेटमध्ये कधीच दिसत नाही, कारण तो दुसऱ्यांच्या पगारात मुरलेला असतो.

२५ मिनिटं हा अंदाज आहे. खरा आकडा काढायचा तर दोन आठवडे अडकलेल्या बिलांतली ५० उचलायची आणि प्रत्येकाने किती वेळ घातला ते लिहायला लावायचं. फोनची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यात धरायचा नाही, तो दिवसांच्या हिशोबात जातो.

स्टोअर्सवाला

यादीत 'जीआरएन नाही' म्हणून आमच्यावर जेवढी बिलं टाकतात त्यातली निम्मी तरी अशी असतात की गाडी गेटवर उभी आहे आणि बिल ईमेलने आधीच पोचलंय. माल इन्स्पेक्शनला दोन दिवस थांबतो, तोवर जीआरएन कसा होणार? त्याला अडकलं म्हणायचं का? बिल लवकर आलं एवढाच त्याचा गुन्हा.

तीनपदरी

बरोबर. इथेच खतावणींची तीन खाती मोडतात. अडकलेलं आणि हात लागलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची बेरीज शंभर व्हायची गरज नाही. सॅपमध्ये प्रमाणाच्या फरकामुळे बिलावर पेमेंट ब्लॉक R लागतो. नंतर जीआरएन झाला आणि रात्री MRBR चा ऑटोमॅटिक रिलीज जॉब लावलेला असला, तर ब्लॉक आपोआप सुटतो. असं बिल अडकलं होतं, पण माणसाचा हात लागला नाही.

मात्र पीओच्या ओळीवर जीआर-बेस्ड इनव्हॉइस व्हेरिफिकेशनची खूण असेल, तर जीआरएनशिवाय बिल पोस्टच होत नाही. ते कोणाच्या तरी ट्रेमध्ये किंवा पार्क केलेलं पडून राहतं. ब्लॉक लागत नाही, त्यामुळे अडकलेल्यांच्या रिपोर्टमध्ये येतच नाही. दोन प्लांटची तुलना करताना आधी ही खूण बघा, नाहीतर जिथे बिलं ट्रेमध्ये कुजतात तो प्लांट हुशार ठरतो.

आणखी एक. आज ज्यांवर R आहे ती मोजली तर फक्त आज अडकलेली मिळतात. महिन्यात अडकून सुटलेली गायब. त्यासाठी बदलांचा लॉग वाचावा लागतो:

```
CDHDR: OBJECTCLAS = BELEG
CDPOS: TABNAME = BSEG, FNAME = ZLSPR, VALUE_OLD = R
```

दोन्ही CHANGENR वर जोडायचे. CDHDR मधल्या USERNAME वरून कळतं की ब्लॉक जॉबने सोडला की माणसाने. हे सुटलेले झाले. अजून R वर असलेले त्यात वेगळे मिळवायचे.

बिलपास

इतकं खोदायची गरज नाही. टॉलरन्स वाढवा. दरातला फरक २ टक्क्यांपर्यंत चालेल असं OMR6 मध्ये ठेवलं की अडकणारी बिलं झपकन उतरतात आणि हात न लागलेली वाढतात. मॅनेजमेंट खूश.

तीनपदरी

उतरतात हे खरं, पण पैसे जातात. पीओत दर ४६.८०, बिलात ४७.५०, नग १२,०००. फरक ७० पैसे, दीड टक्का. तुमच्या २ टक्क्यांत बिल निमूट पास होतं आणि ८,४०० रुपये जादा जातात. हाच पार्ट आठवड्याला आला तर महिन्याला साडेतेहतीस हजारांच्या वर, आणि हात न लागता. त्याच दिवशी ६० रुपयांच्या वॉशरमध्ये ३ रुपयांचा फरक आला की ५ टक्के म्हणून बिल अडकतं आणि त्यावर चार माणसं बसतात.

टॉलरन्स वाढवायला हरकत नाही, पण टक्क्यांबरोबर रकमेची मर्यादाही लावा, दरासाठी PP की मध्ये दोन्ही टाकता येतात. आणि टॉलरन्सच्या आत राहून पास झालेल्या फरकांची महिन्याची बेरीज काढा. ती बेरीज या तीन आकड्यांशेजारी नसेल तर बाकीचे कसेही सजवता येतात.

पीओ_अमेंडमेंट

परचेसच्या बाजूने सांगते. नमुन्यातल्या १,१०० पैकी ४८० दराच्या फरकाची, ३१० जीआरएन नसलेली, १४० नग कमी-जास्त, बाकी १७० चुकीचा जीएसटीआयएन, पीओ नंबर नाही, दुबार बिल वगैरे, अशी विभागणी धरा. ४८० मध्ये एपीची चूक शोधू नका. स्टीलचा दर तिमाहीला ठरतो आणि तो मागच्या तारखेपासून लागू होतो. पत्र येतं तिमाहीच्या मध्यावर, पीओ बदलायला आणखी आठ-दहा दिवस. तोवर व्हेंडर नव्या दराने बिलं पाठवतो आणि एकूण एक अडकतात.

यावर चालणारा उपाय असा: पत्र हातात येईपर्यंत व्हेंडरने जुन्याच दराने बिल करायचं, आणि दर ठरल्यावर फरकाचं एकच डेबिट नोट किंवा पुरवणी बिल, सोबत बिलनिहाय तक्ता. बिलं आपोआप पास होतात आणि फरक एकदाच तपासला जातो. पण दर उतरला की तोच व्हेंडर क्रेडिट नोट द्यायला टाळतो, म्हणून ही अट पीओच्या शर्तींत लेखी हवी.

मांडवीकाठ

आमचं पणजीला हॉटेल. मासळी, भाजी, नारळ यांच्या रोज ३०-३५ चिठ्ठ्या. पीओ कुठला आणि जीआरएन कुठला, दर सकाळी बाजारात ठरतो. सगळ्या पुरवठादारांना आठवड्याचं एकच बिल द्यायला सांगायचं, म्हणजे एका बिलामागचा खर्च कमी होतो. साधा उपाय.

खतावणी

एकूण खर्च कमी होतो, बिलामागचा वाढतो! महिन्याच्या हजार चिठ्ठ्यांना ४०,००० खर्च असेल तर ४० रुपये पडतात. आठवड्याची बिलं करून महिन्याला १२० राहिली आणि खर्च १८,००० वर आला, तर बिलामागे १५० होतात. काम सुधारलं आणि आकडा बिघडला. उलट, व्हेंडरने एका पीओची चार बिलं फाडली तर काही न करता आकडा सुधारतो. म्हणून बिलामागच्या खर्चासोबत एकूण खर्च आणि बिलांची संख्या दिलीच पाहिजे. तुमच्या बाबतीत मोजायचंच तर ओळी मोजा. आठवड्याच्या बिलात रोजची चिठ्ठी ही एक ओळ.

लेथवाला

मी दुसऱ्या बाजूचा, भोसरीत वर्कशॉप आहे, सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी आहे. ग्राहक म्हणतो बिल एक्सेप्शनमध्ये आहे, म्हणून ४५ दिवस सुरू झाले नाहीत. हा धागा पैसे देणाऱ्यांचा दिसतोय, तरी विचारतो. खरंय का?

तीनपदरी

नाही. एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात. लेखी करार असेल तर करारातली मुदत, पण ४५ दिवसांच्या वर नाही. करार नसेल तर १५ दिवस. माल पोचल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही तर पोचल्याचाच दिवस स्वीकाराचा धरतात. सॅपमधला R ही लेखी हरकत नव्हे. चलनावरचा पोच शिक्का जपून ठेवा.

एपीवाल्यांसाठी यातून एक गोष्ट निघते. अडकलेल्यांची यादी टक्क्यांत नको, सूक्ष्म-लघु व्हेंडर वेगळे काढून किती दिवस उरले त्या क्रमाने लावा. उशिरा दिलेल्या पैशांवर बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. ते कोणाच्याही बिलामागच्या खर्चात धरलेलं मी पाहिलेलं नाही.

क्यूआर

हात न लागण्याबद्दल एक गैरसमज दिसतो की ई-इनव्हॉइस आलं म्हणजे सगळं आपोआप. बिलावरच्या क्यूआरमध्ये दोघांचे जीएसटीआयएन, बिल नंबर, तारीख, एकूण रक्कम, ओळींची संख्या, मुख्य वस्तूचा एचएसएन आणि आयआरएन एवढंच असतं. ओळीचा दर आणि नग नसतात. स्कॅन केल्यावर वरचा भाग भरतो, मॅचिंगला लागणारा खालचा भाग पीडीएफमधून किंवा व्हेंडरच्या जेसनमधूनच येतो. शिवाय ५ कोटींच्या खालच्या उलाढालीच्या व्हेंडरला ई-इनव्हॉइस सक्तीचं नाही, म्हणजे निम्म्या छोट्या व्हेंडरांकडे क्यूआर नसणारच.

बिलपास

मग वाचलेला मजकूर माणसाने फक्त बघून ओके केला, काही बदललं नाही, तर तो हात धरायचा का? आम्ही धरत नाही.

पीओ_अमेंडमेंट

आम्ही धरतो. त्याचा पगार द्यावा लागतो ना?

खतावणी

माझ्या मते क्लिक झाला की हात लागला. पण पीओ नसलेल्या बिलाला खातेप्रमुखाची मंजुरी लागते, ती नियमानेच आहे. तोही हात धरला तर भाडं आणि विजेची बिलं कधीच आपोआप जाणार नाहीत. मी सध्या पीओवाली आणि बिनपीओवाली असे दोन वाटे वेगळे दाखवतो, कारण एकत्र केल्यावर कोणालाच काही कळत नाही.

स्टोअर्सवाला

आणि जीएसटीआर-२बी मध्ये न दिसलेली बिलं? ती १४ तारखेनंतर कळतात. बिल तर आधीच पोस्ट झालेलं असतं.

तीनपदरी

यावर आमच्यातच एकमत नाही. पोस्टिंगच्या वेळी स्वच्छ होतं म्हणून मी त्या महिन्याचा आकडा बदलत नाही, क्रेडिट अडकलेली बिलं खाली वेगळ्या ओळीत लिहितो. आमच्या टॅक्सवाल्याचं म्हणणं, व्हेंडरमागे फोन करायला लागला म्हणजे ते अडकलेलंच. कोणी मागच्या महिन्याचा आकडा सुधारून पुन्हा छापतं का?