उपग्रह नकाशाच्या स्क्रीनशॉटवरून शेताचं क्षेत्र कसं काढायचं?

ओढ्याकाठचा: नांगरटवाला अडीच एकराचे पैसे मागतोय. वावर चौकोनी असलं तरी चारही बाजू वेगळ्या, त्यात एक बाजू ओढ्याची. स्क्रीनशॉटची प्रिंट काढली आहे, कोपऱ्यात ५० मीटरची पट्टी दिसते. पुढं काय करू?

बापू_७२: सोपं आहे. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढा आणि दोन्ही सरासरींचा गुणाकार करा. आम्ही कायम असंच करतो.

मोजणीवाली ताई: बापू, काटकोनी वावराला तुमची रीत चालते. कोपरे तिरके असले की क्षेत्र जास्तच येतं.
दादा, आधी प्रिंटवरची ती पट्टी फुटपट्टीनं मोजा. मग एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण आखा. उरलेल्या दोन कोपऱ्यांतून कर्णावर काटकोनात रेघा टाका. ओढ्याची बाजू सरळ रेघेनं अशी कापा, की बाहेर राहिला तेवढाच तुकडा आत येईल.

ओढ्याकाठचा: पट्टी ४० मिमी भरली. कर्ण १२८, रेघा ४८ आणि ४०.

मोजणीवाली ताई: म्हणजे १ मिमीला सव्वा मीटर. कर्ण १६० मीटर, रेघा ६० आणि ५०. दोन्ही रेघांची बेरीज ११०, तिला १६० नं गुणून निम्मे केले की ८,८०० चौरस मीटर. गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा, म्हणजे ८७ गुंठे. दोन एकर सात गुंठे.

बापू_७२: बाजू सांगा, माझ्या रीतीनं बघतो.

ओढ्याकाठचा: त्याच मापानं ७२, १३४, ७८, ११२ मीटर.

बापू_७२: ७५ गुणिले १२३, म्हणजे ९,२२५. चार गुंठे जास्त आले. खरंय ताई.

शेवंता_क: आमच्या भावकीत बांधावरून वाद आहे. हा आकडा तलाठ्याला दाखवता येईल का?

मोजणीवाली ताई: नाही ताई, हद्दीसाठी भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा. हा अंदाज नांगरट, बियाणं, फवारणी यांपुरताच. पट्टी ४० ऐवजी ४१ मिमी वाचली, तरी वरच्या उत्तरातले चार गुंठे उडतात, कारण चूक लांबी आणि रुंदी दोन्हींत शिरते. म्हणून पट्टी दोनतीनदा मोजा. पट्टी आणि वावर एकाच स्क्रीनशॉटमध्ये हवेत. पट्टी एका झूमवरची आणि वावर दुसऱ्या झूमवरचं असेल, तर सगळं हुकतं. नकाशा तिरपा दिसत असेल, तर आधी सरळ वरून करा.

ओढ्याकाठचा: पट्टी पुन्हा मोजली, ४० च आहे. पण बांधावर बाभळी आहेत, त्यांच्या सावलीत कड नीट दिसत नाही. रेघ सावलीच्या आत धरू की बाहेर?

बापू_७२: नांगर फिरतो तिथपर्यंत. बांध कशाला मोजायचा?

मोजणीवाली ताई: नांगरटीसाठी बापूंचं बरोबर. पण सावली फोटोच्या वेळेनुसार पडते, त्या बाजूची खरी कड फोटोत सापडणार नाही. तेवढी एक बाजू टेपनं मोजून या.

ओढ्याकाठचा: उद्या मोजतो. तोवर पैसे थांबवलेत.